दर महिन्याला रँक पडलेली दिसते, पण क्लिक तेवढेच? आधी मोजमाप दुरुस्त करा

हा प्रॉब्लेम माझ्याकडे जवळजवळ वर्षभर चालू होता म्हणून सविस्तर लिहितोय. सायकल दुरुस्तीवर माझी छोटी साईट आहे, मराठीत, पाचपन्नास पानं असतील. त्यातले सहाच कीवर्ड मला महत्त्वाचे वाटतात, चेन बदलणं, ब्रेक लावून घेणं, पंक्चर, गिअर वगैरे. तर महिन्याच्या एक तारखेला मी मोबाईलवर इन्कॉग्निटो उघडायचो, सहाही शब्द गुगलवर टाकायचो, आपलं पान कितव्या नंबरवर ते वहीत लिहायचो, मग सर्च कन्सोल उघडून तिथली सरासरी पोझिशन बघायचो आणि दोन्ही आकडे कधी म्हणजे कधीच जुळायचे नाहीत. मोबाईल म्हणतोय चौथा, कन्सोल म्हणतंय ११.३, लॅपटॉपवर सातवा. मग ज्या आकड्याने जास्त घाबरवलं तो खरा धरायचा आणि पानाचं टायटल बदलत बसायचं, पुढच्या महिन्यात परत तेच.

पैसे भरून ट्रॅकर घ्यावा असं पण वाटून गेलं, पण सहा कीवर्डसाठी खरंच गरज नाहीये. गुगल सर्च कन्सोल आणि एक गुगल शीट, एवढ्यात होतं. फक्त मोजायची पद्धत एकदा ठरवून टाकली पाहिजे आणि ती मधेच बदलायची नाही.

आकडे जुळत का नाहीत

इन्कॉग्निटोमध्ये तुमचं लॉगिन आणि जुनी हिस्टरी जाते, लोकेशन जात नाही. ते आयपीवरून कळतंच. शिवाय मोबाईल आणि डेस्कटॉपचे निकाल वेगळे असतात आणि सकाळचे संध्याकाळचे पण थोडे हलतात. म्हणजे तुम्ही जे बघता ते एका ठिकाणचं, एका फोनवरचं, एका मिनिटाचं चित्र आहे. चूक नाहीये ते, पण ती "आपली रँक" नव्हे.

सर्च कन्सोलची पोझिशन ही सरासरी आहे, आणि कशाची सरासरी ते समजलं की अर्धी डोकेदुखी संपते. कोणीतरी सर्च केलं, निकालाच्या पानावर तुमची लिंक आली, की एक इम्प्रेशन. त्या वेळी तुमची सगळ्यात वरची लिंक कितव्या जागी होती तो आकडा त्या इम्प्रेशनला चिकटतो. मग सगळ्या इम्प्रेशनच्या आकड्यांची सरासरी. तुम्ही दुसऱ्या पानावर असाल आणि माणूस दुसऱ्या पानावर गेलाच नाही तर काहीच मोजलं जात नाही. म्हणजे हा आकडा फक्त ज्यांना तुम्ही दिसलात त्यांच्यापुरता आहे. नवीन लोकांना तुम्ही खाली कुठेतरी दिसायला लागलात की सरासरी "बिघडते", जुन्यांना तुम्ही होतात तिथेच दिसत असलात तरी.

अजून एक गोष्ट, तुम्ही स्वतः केलेलं सर्च पण इम्प्रेशन म्हणून मोजलं जातं. मोठ्या साईटला काय फरक पडत नाही, पण माझ्या एका कीवर्डला महिन्याला चाळीसेक इम्प्रेशन यायची आणि त्यातली दहा माझीच असणार, कारण एक तारखेशिवाय मधेही मी दर दोनतीन दिवसांनी बघायचो. स्वतःचाच डेटा स्वतः खराब करत होतो.

तर ठरवलं असं: नंबर फक्त सर्च कन्सोलचा घ्यायचा. हाताने सर्च महिन्यातून एकदाच, आणि तेही नंबर लिहायला नाही, वर काय काय आलंय ते बघायला. व्हिडिओ आलेत का, उत्तराचा चौकोन आलाय का, कोणाची नवीन पानं आलीत, इतकंच.

तारखा

हे फार किरकोळ वाटतं पण माझा निम्मा गोंधळ इथे होता. एक महिना ३१ दिवसांचा, एक २८ चा, एकात पाच रविवार, दुसऱ्यात चार, आणि सायकलचे सर्च रविवारी वाढतात. त्यामुळे कॅलेंडरचा महिना सोडला. आता दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बसतो आणि त्याआधीच्या रविवारपर्यंतचे पूर्ण चार आठवडे घेतो, सोमवार ते रविवार, २८ दिवस. उदाहरणार्थ ६ नोव्हेंबर २०२५ च्या गुरुवारी ६ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर, मग ४ डिसेंबरला ३ नोव्हेंबर ते ३० नोव्हेंबर. कधीकधी मधला एक आठवडा सुटतो (दोन पहिले गुरुवार कधी २८ तर कधी ३५ दिवसांनी येतात), सुटू दे, पण अशा २८ दिवसांच्या दोन खिडक्या एकमेकांवर कधीच चढत नाहीत आणि दोन्हीत वार सारखेच असतात.

गुरुवारच का, तर शेवटच्या दोनतीन दिवसांचा डेटा कन्सोलमध्ये कच्चा असतो, नंतर बदलू शकतो. सोमवारी बसून रविवारचा आकडा लिहिला आणि पुढच्या आठवड्यात उघडून बघितलं तर वेगळाच, मग परत वाटणार की आपणच काहीतरी चुकलो.

कन्सोलमध्ये जास्तीत जास्त १६ महिन्यांचा डेटा राहतो, त्यामुळे शीटमध्ये लिहून ठेवणं आलंच. आणि जुना डेटा बघताना एक खड्डा लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलने पत्त्यात num=100 लावून एकदम शंभर निकाल मागायची सोय बंद केली. बरेच रँक ट्रॅकर तेच वापरून निकाल ओढायचे, आणि त्या बॉटमुळे ऐंशी-नव्वदाव्या जागेवरच्या पानांना पण इम्प्रेशन पडत होती. ती गेली आणि बऱ्याच साईटची, विशेषतः डेस्कटॉपची, इम्प्रेशन धाडकन खाली आली आणि सरासरी पोझिशन "सुधारली". कोणी काही केलेलं नव्हतं. त्या महिन्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे शेजारी ठेवून गोष्ट रचू नका.

एक कीवर्ड म्हणजे एक ओळ नाही

मराठीत लिहिणाऱ्यांना हे जास्त नडतं. "सायकलची चेन कशी बदलायची" हाच प्रश्न लोक देवनागरीत टाकतात, रोमनमध्ये टाकतात, अर्धा असा अर्धा तसा टाकतात. यातली एकच क्वेरी धरून बसलं तर आकडे इतके छोटे येतात की त्यांना काही अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक कीवर्डचा एक गट करायचा आणि तो रेजेक्सने, म्हणजे शब्दांच्या नमुन्याने, पकडायचा. Performance रिपोर्टमध्ये सर्च टाईप वेब ठेवा, वरचा Average position चा चौकोन क्लिक करून चालू करा (तो आपोआप चालू नसतो), मग फिल्टरमध्ये Query निवडून Custom (regex). चेनचा माझा गट असा आहे:

```
^(सायकल|सायकलची|cycle|cycle chi) (चेन|chain) .*(बदल|bada?l)
```

सुरुवातीचं ^ म्हणजे क्वेरी इथूनच सुरू झाली पाहिजे. शेवटी bada?l का, तर ? मुळे आधीचा a असला नसला तरी चालतो; मी आधी नुसतं badal लिहिलं होतं आणि badlaychi लिहिणारे सगळे बाहेर राहिले, दोन महिने कळलंच नाही. म्हणून रेजेक्स लिहिल्यावर खाली Queries टॅबमध्ये काय काय पकडलं गेलं ते एकदा वाचा, आणि मग फिल्टर काढून त्या पानाच्या सगळ्या क्वेरी बघून काय सुटलं ते पण बघा. एकदाच पंधरा मिनिटं जातात. रेजेक्स शीटमध्ये त्या कीवर्डच्या शेजारीच चिकटवून ठेवा, म्हणजे दर महिन्याला तोच वापरला जाईल.

क्वेरीचा फिल्टर लावला की बेरीज पानाच्या एकूण आकड्यापेक्षा कमी भरते, त्यात घाबरायचं नाही. फार थोड्या लोकांनी केलेली सर्चं गुगल प्रायव्हसीसाठी दाखवतच नाही. ती दर महिन्याला नसतातच, त्यामुळे महिन्या-महिन्याच्या तुलनेला फारशी अडचण येत नाही.

शीट अगदी साधी आहे. एका टॅबमध्ये खिडकीची शेवटची तारीख, गट, इम्प्रेशन, क्लिक, पोझिशन आणि कुठलं पान दिसतंय. दुसऱ्या टॅबमध्ये फक्त बदल: तारीख, पान, काय केलं. टायटल बदललं, फोटो टाकले, दुसऱ्या पानावरून लिंक दिली, काहीही. हा दुसरा टॅब मी आळशीपणाने खूप उशिरा सुरू केला आणि त्याचीच सगळ्यात जास्त गरज पडते. ज्या गटाला खिडकीत ५० पेक्षा कमी इम्प्रेशन आहेत तिथे मी पोझिशनच्या जागी नुसती आडवी रेघ मारतो. ५० हा माझा आपला अंदाजपंचे आकडा आहे, पण नऊ इम्प्रेशनवर पोझिशन ६ वरून ११ झाली म्हणून विचार करत बसण्यापेक्षा रेघ बरी.

आता तो "पडझडीचा" महिना

रेजेक्सच्या आधी मी फिल्टरला फक्त "चेन" शब्द असलेल्या क्वेरी असं लावायचो. एका खिडकीत ४०० इम्प्रेशन, २४ क्लिक, पोझिशन ६.०. पुढच्या खिडकीत ७०० इम्प्रेशन, २६ क्लिक, पोझिशन १२.५. सीटीआर, म्हणजे इम्प्रेशनमागे क्लिकचं प्रमाण, ६ टक्क्यांवरून ३.७ वर. पहिल्या पानावरून थेट दुसऱ्या पानावर गेलो असं वाटलं, त्याच रात्री टायटल बदललं, पहिला परिच्छेद बदलला, दोन जास्तीचे उपशीर्षक घुसवले.

बघायचं काय होतं, तर इम्प्रेशन. खरंच पहिल्या पानावरून दुसऱ्यावर घसरलो असतो तर इम्प्रेशन कमी व्हायला हवी होती, कारण दुसऱ्या पानावर फार लोक जातच नाहीत. इथे तर ती वाढली होती, आणि क्लिक पण दोन जास्तच. पोझिशन खाली आणि इम्प्रेशन वर, असं एकत्र दिसलं की पहिला संशय हाच घ्यायचा की मोजमापात कोणीतरी नवीन पाहुणा आलाय.

नंतर एका रविवारी शांतपणे Queries टॅब उघडून दोन खिडक्यांची तुलना लावली. जुन्या सायकलवाल्या क्वेरी मिळून ४१० इम्प्रेशन, पोझिशन ५.८, क्लिक २५. म्हणजे उलट जरा सुधारणाच. आणि बाकीची २९० इम्प्रेशन "बाईकची चेन घट्ट कशी करायची" आणि तिच्या भावंडांची, पोझिशन २२, क्लिक एक. गुगलने माझं सायकलचं पान मोटरसायकलवाल्यांना पण दाखवून बघायला सुरुवात केली होती, साहजिकच खाली, आणि ते सगळं माझ्या "चेन" फिल्टरमध्ये गोळा होत होतं.

हिशोब करून बघा, ४१० गुणिले ५.८ म्हणजे २३७८, २९० गुणिले २२ म्हणजे ६३८०, बेरीज ८७५८, भागिले ७०० म्हणजे १२.५. सगळी पडझड त्या एका पाहुण्याची. शीटमध्ये क्वेरीनिहाय ओळी एक्सपोर्ट करून एकत्र करायच्या असतील तर हा फॉर्म्युला वापरा, C मध्ये इम्प्रेशन आणि D मध्ये पोझिशन धरून:

```
=SUMPRODUCT(C2:C9,D2:D9)/SUM(C2:C9)
```

AVERAGE वापरू नका. तो ४१० इम्प्रेशनच्या ओळीला आणि ३ इम्प्रेशनच्या ओळीला सारखंच वजन देतो. इथल्या दोन ओळींवरच १३.९ आला असता, आणि खाली किरकोळ ओळी जास्त असल्या की कितीही वेडावाकडा आकडा येतो.

टायटल बदलल्यानंतरच्या खिडकीत जुन्या क्वेरींची पोझिशन ८.१ झाली. जुनं टायटल परत टाकलं, पुढे हळूहळू सहाच्या आसपास आली. बदलामुळेच पडली आणि परत टाकल्यामुळेच सावरली असं छातीठोक नाही सांगता येणार, कारण मी एका रात्रीत तीन गोष्टी बदलल्या होत्या आणि कुठलीच लिहून ठेवली नव्हती, आठवणीवरून शोधत बसलो.

आता मी कुठल्या क्रमाने बघतो

महिन्याच्या त्या गुरुवारी सहा ओळी भरून झाल्या की ज्या गटाची पोझिशन तीनपेक्षा जास्त हलली आहे तेवढेच गट उघडतो, बाकीच्यांना हात लावत नाही. उघडल्यावर आधी इम्प्रेशन कुठे गेली ते, वर सांगितलं तसं. ती वाढली असतील तर Queries मध्ये नवीन काय आलं. तिथे काही नसेल तर Countries आणि Devices, कारण कधीकधी क्वेरी तीच असते पण दुसऱ्या देशातून किंवा डेस्कटॉपवरून नवीन लोक आलेले असतात, हिशोब तोच. माझी साईट मराठी असल्यामुळे देशाचा फरक कमी पडतो, इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी देशाचा फिल्टर पहिल्या दिवसापासूनच लावून ठेवावा असं माझं मत आहे.

इम्प्रेशन तेवढीच किंवा कमी, पोझिशन खाली आणि क्लिक पण खाली, असं तिन्ही असेल तर पडझड खरी असायची शक्यता जास्त. मग Pages टॅब. तो गट फिल्टरला लावलेला असताना तिथे एकच पान दिसतंय की दोन? त्यानंतर बदलांचा टॅब, आणि सगळ्यात शेवटी ते एकदाचं हाताने सर्च.

एक अपवाद आहे. पोझिशन तीच, इम्प्रेशन तीच आणि क्लिक मात्र कमी. तिथे रँक बघून काही सापडणार नाही, हाताने सर्च करूनच कळतं. माझ्या पंक्चरच्या गटात असं झालं, वर व्हिडिओंची रांग आणि उत्तराचा चौकोन आला होता, पान होतं त्याच नंबरवर पण स्क्रीनवर दोन अंगठे खाली गेलेलं. तिथे मी अजून काही केलेलं नाही.

आणि बदल करायचा नियम असा ठेवलाय की सलग दोन खिडक्यांत खाली दिसल्याशिवाय पानाला हात नाही, आणि लावला तर एका वेळी एकच बदल. महिन्याला एक बदल म्हणजे फार हळू वाटतं, मला पण वाटतं, पण आधी जे करत होतो त्यात वेग होता आणि कळत काहीच नव्हतं.

खरी पडझड कशी दिसली

ब्रेकचा गट. आधीच्या खिडकीत ५२० इम्प्रेशन, ३१ क्लिक, पोझिशन ४.१. नंतर ५०५ इम्प्रेशन, १४ क्लिक, ७.६. पुढच्या खिडकीत पण ७.९, म्हणजे नियमाप्रमाणे पानाला हात लावायची वेळ. Queries मध्ये नवीन कोणी नाही, देश-डिव्हाईस तसेच. Pages मध्ये मात्र दोन पत्ते. एक माझं जुनं "ब्रेक कसे लावून घ्यायचे" पान आणि दुसरं दीड महिन्यापूर्वी लिहिलेलं डिस्क ब्रेकचं पान. बदलांच्या टॅबमध्ये त्या तारखेला "डिस्क ब्रेक नवीन पान" अशी ओळ होतीच.

नवीन पानाचं टायटल मी जुन्यासारखंच ठेवलं होतं, फक्त कंसात डिस्क. त्यात भर म्हणजे होमपेजवरून जुन्या पानाला असलेली लिंक काढून नव्याला दिली होती, नवं आहे म्हणून कौतुकाने. इथे एक बारीक गोष्ट, Pages टॅबमध्ये किंवा पानाचा फिल्टर लावल्यावर पोझिशन पानानुसार मोजली जाते आणि एकाच सर्चमध्ये दोन्ही पानं आली तर दोघांनाही इम्प्रेशन पडतं, त्यामुळे तिथल्या ओळींची बेरीज वरच्या ५०५ पेक्षा जास्त दिसली. ती बेरीज करू नका, कुठलं पान जास्त वेळा येतंय तेवढंच बघा. माझ्याकडे नवं पान जवळपास निम्म्या वेळा येत होतं, आणि येत होतं ते नवव्या-दहाव्या जागी.

एकच बदल केला, होमपेजची लिंक परत जुन्या पानाला. पुढच्या खिडकीत ६.२. मग दुसरा बदल, नव्या पानाचं टायटल "डिस्क ब्रेक घासत असेल तर" असं वेगळं केलं, कारण त्या पानात खरं म्हणजे तेवढंच होतं. त्याच्या पुढच्या खिडकीत ४.६ आणि क्लिक २८, Pages मध्ये नवं पान फक्त आठ इम्प्रेशनवर.

बाईकच्या चेनचं म्हणाल तर ती २९० इम्प्रेशन बघून वेगळं पान लिहायचा मोह झाला होता, पण मला मोटरसायकलमधलं काही कळत नाही. शीटमध्ये सातवी ओळ करून त्याचा रेजेक्स टाकून ठेवलाय, नुसतं बघायला. गेल्या गुरुवारी तिथे आडवी रेघ मारली.